कोऱ्या दोराचा पाळणा

येसूकाकीने पाळणा माझ्या हातात दिला तो नारळीपुनवेच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्याच संध्याकाळी मी ही बातमी अख्ख्या दिवाळे गावात सांगून मोकळी झाले. गोकुळाष्टमीला सात दिवस होते. मी नववीत होते, पनवेलच्या शाळेत जायचे, नुकताच हस्तकलेत पहिला नंबर आला होता, आणि जगात आपल्याला न जमणारं काही असतं यावर माझा विश्वास नव्हता.

पाळणा तसा लहानच. हातभर लांब, वीतभर रुंद. येसूकाकीच्या नवऱ्याने होडीच्या उरलेल्या सागातून केलेला. तो माणूस मी पाहिलेला नाही, पण पाळण्याच्या चार कोपऱ्यांत त्याने कोरलेले चार मोर मला पाठ होते. चार कोपऱ्यांना चार भोकं, भोकांतून चार दोर. पुढचा आणि मागचा दोर वर जाऊन दांडीच्या एका टोकाला मिळायचा, दुसऱ्या बाजूचे दोन दुसऱ्या टोकाला. ती दांडी देवळाच्या तुळईला टांगायची. अष्टमीच्या रात्री बाराला बाळकृष्ण त्यात निजायचा आणि गावच्या बायका ओढदोरी धरून त्याला झोका द्यायच्या. हे सगळं सजवणं पंचवीस वर्षं येसूकाकीकडे होतं.

"आता माज्या डोल्यांत फूल पडलाय," ती म्हणाली. "मना जुई आन तगर सारखीच दिसतात. तू कर. पन इचारून कर."

मोतीबिंदूला ती फूल म्हणायची. मी म्हटलं, "काकी, टेन्शन नको घेऊ. असा सजवते की लोक बेलापुरातून बघायला येतील."

"लोकांचा काय करायचा हाय? बाल नीट निजला पायजे."

आता यात अडचण अशी होती की देवळाचा कारभार पाहणारे तुळशीराममामा त्याच आठवड्यात पनवेलच्या बाजारातून पत्र्याचा तयार पाळणा घेऊन आले होते. निळा रंग, लोखंडी पाय, वर खोटी फुलं चिकटवलेली, बोट लावलं की कुईकुई करत हलणारा. देवळाच्या मागच्या खोलीत तो गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. मामा वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त दरवर्षीची धावपळ नको होती. "फुलं आना, दोर बांधा, तुळईवर चढा," ते बोटं मोडत म्हणायचे. "त्यापेक्षा हा ठेवला की झाला. आनि आता येसूचे डोळेपन गेले."

येसूकाकी त्यांना म्हणाली, "डोले गेले, पोरगी हाय."

"कोन, धर्माची दमयंती? ती बोलते लय."

"हातपन चालवते."

मग मामांनी ठरवलं ते असं. यंदा लाकडी पाळणा लावून बघू. बाळाच्या जन्माला तो नीट हलला, काही कमीजास्त झालं नाही, तर दरवर्षी तोच. काही गडबड झाली तर गोणपाट सोडायचा आणि मग पुढच्या वर्षापासून लाकडी पाळणा येसूकाकीच्या माळ्यावर.

घरी आल्यावर येसूकाकीने पाळण्याच्या कडेवरून तळहात फिरवला, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाली, "माल्यावर वालवी हाय." बस, एवढंच.

मी कामाला लागले.

मोरपिसं काकीकडे होती, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली, म्हणजे कसर लागत नाही. डोंगराकडच्या कातकरणी गळलेली पिसं वेचून आणायच्या, त्यांना सुकी मासळी दिली की त्या देऊन जायच्या. अकरा पिसं होती. त्यातली दोन विरळ झालेली काढली, नऊ उरली. काकीने शिकवलं की पिसाला पाणी लावायचं नाही, ते चिकटतं आणि मग कितीही झटकलं तरी पहिल्यासारखं फुलत नाही. देठ बांबूच्या चिरलेल्या काडीत अडकवायचे आणि ती काडी बाळाच्या उशाकडे बांधायची, पिसांचे डोळे आत, बाळाकडे. "भायेर नाय," काकी म्हणाली. "मोर लोकांना बघाला आलेला नाय."

झालरीसाठी आईने तिचं पिवळं लुगडं दिलं. काठ चांगला होता, पदर गेला होता. मी काठ वेगळा काढून पाळण्याच्या कडेला चुण्या घालत टाचला. गंगू, माझी मैत्रीण, शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती आणि तोंडाने माझी मापं काढत होती.

"चुन्या सारख्या नाय झाल्या."

"झाल्यात."

"ही बघ, ही जाडी, तुज्या नाकासारखी."

"तू दोरा ओव."

गादी सावरीच्या कापसाची, मऊ. पण गादीच्या खाली, पाळण्याच्या तळाला, एक गोष्ट होती जी मला त्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती. काकीने गादी उचलून माझा हात धरून तिथे ठेवला. गार, जड गोळ्या. जाळ्याला लावतात तसल्या शिशाच्या नऊ गोळ्या, मधोमध एका रांगेत, चिंधीत गुंडाळलेल्या.

"हे कशाला?"

"हलका पालना झटके खातो. ओढला की उडतो, सोडला की गप. आत भार असला की सावकाश जातो, सावकाश येतो. होडी रिकामी आसल तर कशी नाचते?"

हे मला पटलं. नारळीपुनवेलाच मी बाबांच्या होडीत बसले होते. सगळं जाळं एका बाजूला पडलेलं, होडी कलली होती, तेव्हा बाबांनी तळातले नीरमाचे, म्हणजे भारासाठी ठेवलेले, धोंडे उचलून दुसऱ्या बाजूला सरकवले आणि होडी अशी सरळ झाली की जणू कुणी खालून हात लावला. मी तेव्हा आपली नारळाकडे बघत होते.

राहिले दोर. चारही दोर जुने, ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळलेले, तपकिरी, वापरून वापरून मऊ झालेले. पिवळ्या झालरीवर ते दोर मला बघवेनात. बाबांनी हंगामासाठी कोरा सुती दोर आणला होता, पांढराशुभ्र, त्याचं वेटोळं ओटीवरच पडलं होतं. मी विचारलं, "बाबा, थोडा घेऊ?"

"कशाला?"

"पाळण्याला."

"घे दोनचार हात," ते म्हणाले आणि जाळं सांधायला लागले. विचारण्याचं काम झालं असं मी धरलं. चार दोर बदलावे तर मागचे दोन दिसणारच नव्हते, त्यांच्यावर कापडाचा पडदा येणार होता. मग पुढचे दोन तेवढे बदलले. मागच्या दोरांशी माप लावून, केसभरही फरक नाही असे कापले आणि आवळ गाठी मारल्या. काकीला सांगितलं नाही. तिला दिसणार नाही आणि दिसलं तर आवडेल, असं दोन्ही एकदम माझ्या डोक्यात होतं.

अष्टमीच्या दिवशी पहाटेच मी आणि गंगू फुलांना निघालो. जुई सरस्वतीमावशीच्या मांडवावरून, तगर देवळामागून, सोनचाफा बेलापूरच्या वाटेवरच्या झाडाचा, तुळस घरची. तेरडा बांधावर हवा तेवढा होता, गुलाबी आणि जांभळा. झेंडू मला नको होता. झेंडू जड, आणि त्याची माळ पाळण्याला घातली की पाळणा बैलासारखा दिसतो, असं मी म्हटलं आणि गंगू इतकी हसली की तिच्या परडीतली तगर सांडली.

दुपारपर्यंत माळा झाल्या. जुईच्या दाट वेण्या पुढच्या दोन दोरांवर वरपासून खालपर्यंत गुंडाळल्या, मधेमधे चाफा. दांडीला तुळस आणि तगर. झालरीच्या वर तेरड्याची एक बारीक ओळ. उशाकडे नऊ पिसं पंख्यासारखी. मागे कापडाचा पडदा. बाबांनी तुळईवर चढून दांडी टांगली, उतरले, दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "हं." माझ्या बाबांचं "हं" म्हणजे दुसऱ्याचं भाषण.

मग नारळ. बाळ जन्माआधी पाळण्यात ठेवायचं नाही, म्हणून काकी दरवर्षी पुनवेचा एक नारळ सोलून ठेवायची, पितळेच्या बाळकृष्णाच्या वजनाचा. तो मधोमध ठेवून झोका बघायचा. ठेवला. मी ओढदोरी ओढली. पाळणा सावकाश गेला, सावकाश आला. नारळ जागचा हलला नाही. पिसं नुसती जरा डुलली. जमलेल्या बायका "गो बाय!" म्हणाल्या. तुळशीराममामासुद्धा बराच वेळ बघत राहिले.

"छान हाय," ते म्हणाले. "रात्री बघू."

काकीला हाताला धरून आणलं. तिने दांडीला हळदकुंकू लावलं, मग दोरांच्या गाठींना. हे झालं की आमच्याकडे गोपाळकाला होईपर्यंत पाळण्याची गाठ सोडत नाहीत. का, ते कुणी सांगत नाही. सोडत नाहीत. काकीची बोटं पुढच्या गाठीवर क्षणभर थांबली. तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुणीतरी सुंठवड्याच्या सुंठेचं विचारायला आलं आणि ती वळली. मी सुटले असं मला वाटलं.

संध्याकाळी गॅसबत्ती लागली. मामांनी ती नेमकी पाळण्याशेजारी टांगली, सजावट दिसावी म्हणून. दिसत तर होतीच, पण बत्तीचा ताव इतका की तासाभरात जुई माना टाकायला लागली. मी तांब्या आणला, पिसांवर हाताचा आडोसा धरला, आणि दोन्ही वेण्यांवर पाणी शिंपडलं. जुई उठली. पुन्हा मरगळली, पुन्हा शिंपडलं. आठ वाजेपर्यंत तीन तांबे झाले. वेण्यांमधून पाणी ओघळून झालरीवर थेंब येत होते ते मी पदराने टिपत होते आणि स्वतःवर खूश होते. सगळ्या गावात फुलं ताजी ठेवायची अक्कल मला एकटीला होती.

दहाच्या सुमारास भजन रंगात होतं. मुलं पाळण्याभोवती गोळा झाली होती. गंगू मला म्हणाली, "एक झोका दाखव ना यांना."

मी नारळ मधोमध ठेवला. ओढदोरी हातात घेतली आणि अगदी हळू ओढली.

नारळ मागे सरकला. मला वाटलं गादीला सुरकुती असेल. पाळणा परत आला तसा नारळ आणखी मागे गेला, मागच्या कडेला टेकला, त्याने मागची बाजू आणखी खाली गेली, आणि पुढच्या झोक्याला तो कडेवरून, पडद्याखालून, खाली. फरशीवर असा आवाज झाला की टाळ थांबले.

नारळ फुटला होता. पाणी मामांच्या पायापर्यंत वाहत गेलं.

गंगूने तोंडावर हात ठेवला. मामांनी पायाकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, मग पाळण्याकडे.

"हा बाळकृष्ण असता तर?" ते म्हणाले.

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते हळू बोलले.

"मामा, दुपारी नीट होता. तुम्हीच बघितला."

"दुपारी बाळ जन्मत नाय, दमयंती." त्यांनी मागच्या खोलीकडे मान केली. "भजन साडेअकराला संपेल. तोवर बघतो. नाहीतर मी गोणपाट सोडतो."

मी पाळण्याशी जाऊन डोळे कडेच्या पातळीवर आणले. पुढची बाजू उचललेली होती. एक बोट, अगदी पूर्ण बोट. दोर दुपारी मी मापून बांधले होते. गाठ सुटलेली नव्हती, उलट अशी आवळली होती की नख जाईना. तुळई हलली नव्हती. मला काहीच कळेना, आणि मला काही कळत नाही ही गोष्ट त्या वर्षात मला पहिल्यांदाच कळत होती.

"मना न्या तिथं," येसूकाकीचा आवाज आला.

बायकांमधून तिला आणलं. तिने आधी मागचा दोर चाचपला. मग पुढचा. जुईच्या वेणीत बोट खुपसून आतला दोर दोन बोटांत धरला आणि चोळला.

"कोरा," ती म्हणाली.

मी झालरीची चुणी सारखी करायला लागले.

"कोरा हाय ना गो?"

"पांढरा बरा दिसतो म्हणून..."

"भिजवून, तानून घेतला होतास?"

बाजूच्या बायकांपैकी कुणीतरी "आगो माजे बाय" म्हणालं आणि कुणीतरी हसलं. हसणारच. कोळ्याच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं की कोरा सुती दोर पहिल्यांदा भिजला की आखडतो. म्हणून तर हंगामाआधी प्रत्येक नवा दोर खाडीत बुडवून, दोन खांबांना ताणून वाळवतात, आणि मगच कापतात. आमच्या अंगणात दर वर्षी ते दोर ताणलेले असायचे आणि मी त्यांच्याखालून वाकून शाळेत जायचे. मागचे जुने दोर जेवढे आखडायचे तेवढे कधीच आखडले होते. माझे पुढचे दोन मीच तीन तांबे पाणी घालून आखडवले होते.

"कापते आणि पुन्हा बांधते," मी म्हटलं. "पाच मिनिटांत."

"हलदकुंकू लागलाय."

"मग काय करू काकी?"

"मना काय इचारतस?" ती म्हणाली. रागाने नाही. "दोर तुजा."

मी तिथेच उभी राहिले. दोर वाळवावा तर श्रावणातल्या रात्री काय वाळणार? मागचे दोर ओले करावे तर ते आता आखडायचे नव्हते. पुढच्या कडेला काही लोंबकळवावं तर दिसेल, आणि झोक्याला आपटेल. मग मी मागची कड हाताने वर उचलून पाहिली, सोडली. पुढची हाताने खाली दाबली. बोटाच्या टोकाने, अगदी हलकेच. पाळणा सरळ झाला. बोट काढलं की पुन्हा कलला.

एवढा भार पुढे हवा. एवढाच.

आणि मग मला बाबांचे धोंडे दिसले. म्हणजे खरेच नाही, पण होडीच्या तळातले, या बाजूचे त्या बाजूला सरकवलेले.

मी गादी उचलली. काही जणींना वाटलं मी आता सगळं उपसून टाकते. "अगो ठेव!" म्हणून ओरडल्या. मी मधल्या नऊ गोळ्यांची चिंधी उचलली आणि पुढच्या कडेला, अगदी कोपऱ्यात दाबून, लांबवर पसरली. पाळणा हलला, थरथरला, आणि पुढून खाली आला. पुरता नाही. अर्धं बोट राहिलं.

"नीरम हलवतस?" येसूकाकी म्हणाली. तिने गादीखाली हात घातला होता.

"हो. पण कमी पडतं."

"किती?"

"अर्धं बोट."

"धर्मा!" तिने देवळाच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या बाबांना हाक मारली. "शिसा हाय का रे?"

बाबा वळून घराकडे गेले. आमचं घर देवळापासून चाळीस पावलांवर, तरी मला तो वेळ एस.टी.ची वाट बघण्याएवढा वाटला. भजनाचा शेवटचा अभंग सुरू झाला. बाबा आले ते मूठ बंद करून. मूठ उघडली तर सात गोळ्या, आमच्या मोठ्या जाळ्याच्या, बोराएवढ्या.

"कोऱ्या दोराचे दोनचार हात दिले ना मी," ते मला एवढंच म्हणाले, "इचारायला पायजे होता." ते स्वतःला म्हणत होते की मला, ते मी आजही ठरवलेलं नाही.

दुसरा नारळ आणला. तो मधोमध ठेवला, कारण रिकाम्या पाळण्याला सरळ करून उपयोग नव्हता, बाळाच्या वजनासकट सरळ हवा होता. मग एक एक गोळी पुढे सरकवत गेले. दोन. चार. पाचव्याला कड सरळ आली. सहावी ठेवली तर पुढून बुडायला लागली, ती काढली. पाचच. येसूकाकीने कडेवर तळहात आडवा ठेवला, मग त्या हातावर पाणी भरलेलं पंचपात्र ठेवायला सांगितलं. पाणी कडेशी सारखं होतं का ते मला विचारलं.

"सारखं."

"खोटा नको बोलूस."

"सारखं आहे काकी. गंगूला विचार."

"गंगू तुजीच." तिने मामांना हाक मारली. "तुलशीराम, तू सांग."

मामा वाकले, एक डोळा मिटून पंचपात्राकडे पाहिलं. "सारखं," ते म्हणाले. जरा नाखुशीने, पण म्हणाले.

मी गॅसबत्ती तिथून उचलून लांबच्या खांबाला टांगली. मग गादी नीट केली, सुरकुत्या काढल्या आणि पाण्याचा तांब्या गंगूच्या हातात दिला. "हा आता लांब ठेव. मी मागितला तरी देऊ नको."

"मागशील," गंगू म्हणाली. "मला ठाऊक आहेस ना तू."

झोका दिला. दुसरा नारळ मधोमध बसून राहिला, गुळाच्या ढेपेसारखा. वीस झोके मोजले. वाटलं की मामा आता बास म्हणतील, पण त्यांनी स्वतः ओढदोरी घेतली आणि जरा जोरात ओढली, एवढ्या जोरात की पिसांचे डोळे सगळे एकदम डोलले. नारळ जागचा हलला नाही. तुळशीराममामांनी दोरी सोडली आणि मागच्या खोलीकडे न जाता सरळ बाहेर हातपाय धुवायला गेले.

बाराला घंटा झाली. फुलं उधळली. बाळकृष्ण पदरात घेऊन बायकांनी त्याला पाळण्याखालून इकडून तिकडे दिला, वरून परत घेतला, त्याचं नाव ठेवलं. मला प्रत्येक वेळी वाटत होतं आता कुणाचा तरी हात गादीला लागणार. नाही लागला. मग येसूकाकीने चाचपून मधली जागा शोधली आणि बाळाला निजवलं. पितळेचा, रांगता, एक हात पुढे केलेला. त्याच्या डोक्याशी जुई कोमेजलेली होती. खरंच कोमेजलेली. मी तिच्याकडे बघितलं आणि तांब्या मागितला नाही.

पहिला झोका काकीचा. पाळणा सावकाश गेला, सावकाश आला. बाळाचा पुढे केलेला हात तसाच राहिला. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला आणि मी श्वास सोडला तो इतका मोठा की शेजारच्या गंगूने कोपर मारलं. दुसरा झोका मामांच्या बायकोने दिला, तिसऱ्याला काकीने दोरी माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी गोपाळकाला झाला, दहीहंडी फुटली, आणि मग मी पाळणा उतरवला. गाठी नखाने सुटेनात, दाभण घालून सोडवल्या. पिसं झटकून कडुनिंबात ठेवली, नऊच्या नऊ. बाबांच्या सात गोळ्या परत दिल्या. ते म्हणाले, "पाच ठेव. पाळण्यालाच राहू दे." काकीने तिच्या नऊ गोळ्या आणि या पाच एकाच चिंधीत बांधल्या.

पत्र्याचा पाळणा गोणपाटातच राहिला. त्या दुपारी मामांची नात मागच्या खोलीत घुसली आणि तिने तो कुईकुई वाजवला, मामा म्हणाले, "वाजव, वाजव, बाळाला नाय तर तुला," आणि तिच्या बाहुलीला देऊन टाकला.

मी ते दोन पांढरे दोर घेऊन खाडीवर गेले. आता ते खूप पांढरे राहिले नव्हते. बुडवले, पिळले, आणि अंगणात दोन खांबांना ताणून बांधले, बाबांच्या दोरांच्या शेजारी. येसूकाकी ओटीवर बसून ऐकत होती.

"काय करतस गो?"

"दोर ताणते. पुढच्या वर्षाचे."

"किती?"

"दोन."

"चार तान," ती म्हणाली. "मागचेपन जुने झालेत."